नावं नकोत, शब्द लिहा

*माझा मुलगा तिसरीत आहे, साडेआठ वर्षांचा. मागच्या सोमवारी सासूबाईंनी त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला, तेव्हा त्याने त्यांना आईवरून शिवी दिली. आमच्या घरात अशी भाषा कुणी बोलत नाही. मी त्याला एक थोबाडीत दिली आणि खडसावून विचारलं, तेव्हा त्याने वर्गातल्या तीन मुलांची नावं सांगितली. मी मुख्याध्यापिकांना पत्र लिहून ठेवलंय: ‘वर्गात अत्यंत घाणेरडी भाषा चालते, ही तीन मुलं त्याला कारणीभूत आहेत, त्यांना दुसऱ्या तुकडीत टाकावं किंवा शाळेतून काढावं.’ नवरा म्हणतो, मुलं आहेत, शिकतात आणि विसरतात, उगाच आपल्याच पोराला त्रास होईल. पत्र चार दिवस पर्समध्येच आहे. देऊ का?*

*– एक आई, नाशिक*

ताई, पत्र द्या. याच आठवड्यात द्या. फक्त पर्समध्ये आहे ते देऊ नका, त्याच्या जागी दुसरं लिहा.

मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून. अशी पत्रं दरवर्षी टेबलावर यायची, दिवाळीच्या सुट्टीनंतर जरा जास्तच. बहुतेक पत्रांत मुलांची नावं असायची आणि ‘घाणेरडी भाषा’ एवढं लिहिलेलं असायचं. मला जे हवं असायचं ते नेमकं नसायचं: शब्द कोणता, आणि तो कुठे बोलला गेला. नावांवरून मला करता येण्यासारखं फारच थोडं होतं. शब्द आणि जागा कळली तर बरंच काही करता यायचं.

आधी शब्दाचं बोलू, कारण तो कागदावर उतरवणं तुम्हाला सर्वांत जड जाणार आहे.

‘घाणेरडी भाषा’ वाचलं की वाचणारी बाई आपल्या मनातली शिवी त्या जागी घालते. एका आईच्या पत्रावरून मी दोन दिवस चौकशी केली आणि शेवटी कळलं की तो शब्द ‘पाद’ होता. पहिलीतली पोरं एकमेकांना ‘पादऱ्या’ म्हणून हसत होती. याच्या अगदी उलटही झालं, आणि ते मला अजून खुपतं. एका वडिलांनी चिठ्ठीत ‘अपशब्द’ एवढंच लिहिलं होतं. मी ती चिठ्ठी वर्गशिक्षिकेकडे दिली, त्यांनी वर्गाला समज दिली, विषय संपला असं मी धरलं. आठवड्याने त्या मुलाची आई आली. पाण्याच्या नळापाशी दोन मुलं तिच्या लेकाला त्याच्या जातीच्या नावाने हाक मारत होती आणि त्याने शाळेत पाणी पिणंच सोडलं होतं. बाटली भरलेलीच घरी यायची, तिच्यावरून तिला ते कळलं. वडिलांना तो शब्द लिहवला नव्हता, आणि मी तो विचारला नव्हता.

म्हणून शब्द लागतो. शब्दावरून शाळेने पुढे काय करायचं ते ठरतं, आणि प्रत्येक प्रकारच्या शब्दाला उपाय वेगळा असतो.

शी-शू, पाद, ढुंगण हे शब्द पहिली-दुसरीच्या वयाचे. मुलं शरीरावर ताबा मिळवत असतात, त्या ताब्याचीच ही गंमत असते, आणि मोठ्यांनी चेहरा वाकडा केला की गंमत दुप्पट होते. बाईंनी ‘इथे नको’ म्हणून पुढचा धडा सुरू करावा, बास. ते आपोआप विरतात. इथे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं बरोबर ठरलं असतं.

आईबहिणीवरच्या शिव्या आठ-नऊ वर्षांची मुलं वेगळ्या कारणाने उचलतात. अर्थ बहुतेकांना माहीत नसतो, पण वजन नेमकं कळतं. हा शब्द मोठा मुलगा बोलला की समोरचा गप्प होतो, एवढं त्यांनी पाहिलेलं असतं. मोबाइल हातातून गेला तेव्हा तुमच्या मुलाकडे वापरायला दुसरं काही नव्हतं. त्याने आजीच्या आईचा विचार केला नव्हता, त्याला हातातली सर्वांत जड वस्तू फेकायची होती. हे जुनं आहे, ताई, फार जुनं. शिलाहार आणि यादवांच्या काळातले गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारे कोरीव दगड, कोकणात आणि देशावर आजही उभे आहेत. वर सूर्य-चंद्र, खाली गाढव आणि स्त्री. या दानाचा जो भंग करील त्याच्या आईची अशी विटंबना होईल, ही शिवी दगडात कोरून ठेवलेली. गुन्हा करणारा पुरुष आणि शिक्षा मात्र त्याच्या आईला. त्या दगडासमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला आमच्या शाळेचं मैदान आठवलं होतं. असा शब्द ‘शिकतात आणि विसरतात’ या हिशेबात बसत नाही. तो राहतो, कारण तो उपयोगी पडतो. त्याच्या जागी दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

जात, धर्म, रंग, जाड-बारीक, तोतरेपणा, चष्मा यांवरून काढलेले शब्द शिवीसारखे ऐकूही येत नाहीत. तिथे बोलणाऱ्याकडे नंतर पाहायचं, आधी ज्याला तो शब्द लागतोय त्या मुलाकडे पाहायचं. तो मधल्या सुट्टीत कुणाबरोबर डबा खातो, पाणी कुठे पितो, शाळेला यायला कुरकुरतो का. हे आठवड्याने पाहून चालत नाही. मी ते आठवड्याने पाहिलं.

आणि एक वेळ अशी असते, की शब्द ऐकून शिवीचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब सावध व्हायचं. आठ वर्षांच्या मुलाला शरीरसंबंधांतली एखादी कृती तपशीलवार सांगता येत असेल, तो हातवारे करून दाखवत असेल, चित्र काढत असेल, ‘दादाने मोबाइलवर दाखवलं’ किंवा ‘असं कर म्हणाला’ असं बोलत असेल, नाहीतर एका विशिष्ट माणसाचं नाव निघालं की गप्प होत असेल, तर हा भाषेचा प्रश्न राहत नाही. मुलाला असे व्हिडिओ दाखवणं हासुद्धा २०१२च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि असं काही कळल्यावर पोलिसांना कळवणं शाळेवर बंधनकारक आहे. ते ‘आपापसात’ मिटवता येत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तिथे पालकही फोन करू शकतात. तुमच्या पत्रात यातली एकही खूण मला दिसत नाही. तरी मुलाशी शांतपणे बोलाल तेव्हा कान उघडे ठेवा.

तर शब्द लिहायचा. पत्रात लिहवत नसेल तर छोट्या चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी पाकिटात घाला, पाकिटावर ‘फक्त मुख्याध्यापिकांसाठी’ लिहा आणि समोर बसून हातात द्या. शिपायाकडे देऊ नका. मुलाने जसा उच्चारला तसाच लिहा, अर्धवट मोडलेला असला तरी. मुलं शब्द मोडतात आणि त्या मोडण्यावरून तो कानाने कुठून आला ते कधीकधी कळतं. आमच्या चौथीतला एक मुलगा एक हिंदी शिवी अशा थाटात म्हणायचा की ती एका रीलमधली आहे हे तरुण शिक्षकाने ऐकताक्षणी ओळखलं. मला ते कळलं नसतं.

आता नावांविषयी. ती तीन नावं पत्रात घालू नका.

तुमच्या मुलाने ती थोबाडीत बसल्यानंतर सांगितली आहेत. मार खाल्लेलं मूल प्रश्न संपवण्यासाठी उत्तर देतं. ‘कुणी शिकवलं?’ या प्रश्नाला नाव दिलं की मोठी माणसं थांबतात, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. ती नावं खरी असतील, अर्धी खरी असतील, किंवा परवा ज्यांच्याशी भांडण झालं त्यांची असतील. त्या तिघांच्या आयांनी आपापल्या मुलांना असंच विचारलं तर एखादी तुमच्या मुलाचं नाव घेऊन येईल. त्याने आजीला शिवी दिली म्हणजे ती त्याच्या तोंडात बसलेली आहे. घरी पहिल्यांदा निघाली, वर्गात आधीच निघालेली असण्याची शक्यता मोठी आहे.

नावं लिहिली तर पुढे काय होतं ते मी एकदा स्वतः घडवलं आहे. मुख्याध्यापिका होऊन मला दुसरं वर्ष होतं. एका आईचं असंच पत्र आलं, दोन नावांसह. मी दोघांच्या घरी निरोप धाडला, पालकांना बोलावलं, टेबलाच्या पलीकडे मुलांना उभं केलं. त्यातल्या एकाचे वडील एक शब्द बोलले नाहीत, फक्त माफी मागून गेले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आला. एप्रिल महिना होता. बाह्या वर करायला सांगितल्या तेव्हा दिसलं की पट्ट्याने मारलं होतं. त्याच आठवड्यात वर्गातल्या मुलांनी बाईंना काहीही सांगणं बंद केलं. कोणी पडलं, कोणाचा डबा गेला, कोणी रडलं, कशाचाच पत्ता लागेना. शिवी मात्र थांबली नाही, ती फक्त बाईंच्या कानाआड गेली. ज्या मुलाच्या आईचं पत्र होतं त्याच्या शेजारी जून उजाडेपर्यंत कुणी बसलं नाही. तुमच्या नवऱ्याला जी भीती वाटते ती खरी आहे. ती पत्र देण्याने येत नाही, नावं देण्याने येते.

‘शाळेतून काढा’ हेही काढून टाका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ नुसार मारता किंवा मानसिक छळ करता येत नाही. म्हणजे तुम्ही जे मागताय ते मुख्याध्यापिका देऊच शकत नाहीत. आणि जे देता येत नाही ते मागितलेलं पत्र वाचून माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. मीही जायचे. मग पहिलं वाक्य निघतं, ‘आमच्या शाळेत असं होत नाही.’ एकदा ते तोंडातून गेलं की मागे घेणं कुणालाही अवघड जातं.

मग मागायचं काय? जागा शोधायला मागायचं.

मुलं वर्गात बाईंसमोर शिव्या देत नाहीत. शिवी जिथे मोठ्यांचा कान नसतो तिथे वाढते, आणि शाळेत अशा जागा मोजक्याच असतात: मुतारी, पाण्याचा नळ, जिना, खेळाच्या तासाची रांग, शाळा सुटल्यावरची फाटकासमोरची दहा मिनिटं, आणि रिक्षा किंवा व्हॅन. पट्ट्याने मारलेल्या त्या मुलानंतर मी माझी पद्धत बदलली. ती तुम्हाला सविस्तर सांगते, कारण तुमच्या मुख्याध्यापिकांनी असंच काही करावं अशी विनंती तुम्ही करू शकता.

पुढच्या वेळी पत्र आलं ते चौथीच्या वर्गाचं. शब्द मी आईकडून मागून घेतला. मग वर्गशिक्षिकेला एक वही दिली आणि आठवडाभर काहीही न बोलता फक्त नोंद करायला सांगितली: शब्द ऐकू आला की वार, वेळ, जागा. नाव लिहायचं नाही. मधल्या सुट्टीत नळापाशी सेविकाबाई उभ्या असायच्या, त्यांनाही सांगितलं. आठवड्याच्या शेवटी वहीत नऊ नोंदी होत्या. त्यातल्या सहा सकाळी, शाळा भरण्याआधीच्या पंधरा मिनिटांतल्या. दुपारी जवळपास शुकशुकाट. म्हणजे मुलं तो शब्द शाळेत शिकत नव्हती, सकाळी येतानाच बरोबर आणत होती.

मग वर्गातल्या पाच-सहा मुलांशी मी एकेकट्याने बोलले. ज्यांची नावं कानावर होती तेवढीच बोलावली नाहीत, त्यात दोन मुलीही होत्या. प्रश्न एकच, ‘हा शब्द तुला कुठे ऐकू येतो?’ मी ‘कुणाकडून’ असं मुद्दाम विचारलं नाही. ‘कुणाकडून’ विचारलं की मूल मित्राला वाचवायला लागतं किंवा शत्रूला अडकवायला. ‘कुठे’ विचारलं की ते आठवायला लागतं. सहापैकी चार जणांनी व्हॅन सांगितली. एकाच व्हॅनमध्ये तिसरी-चौथीची आमची मुलं आणि पलीकडच्या माध्यमिक शाळेची आठवी-नववीची मुलं येत होती. मोठी मुलं मागच्या बाकावर बसून मोबाइलवर रील लावायची, लहान मुलं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची. कोणी कुणाला काही ‘शिकवलं’ नव्हतं. रोज जाता-येता मिळून पाऊण तास तो आवाज कानावर पडत होता, एवढंच.

उपाय साधा निघाला. व्हॅनवाल्या काकांना बोलावून लहान मुलांना पुढे बसवायला लावलं, व्हॅनमध्ये मोबाइल बंद, आणि माध्यमिकच्या मुख्याध्यापकांना मी स्वतः जाऊन भेटले. तिसऱ्या आठवड्यात बाईंच्या वहीत दोनच नोंदी होत्या. शब्द पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. ज्या दोन मुलांच्या तोंडात तो पक्का बसला होता त्यांना वर्ष संपेपर्यंत आठवण करून द्यावी लागली. पण बाकीच्यांना तो रोज नव्याने मिळणं थांबलं होतं.

तुमच्याकडे व्हॅन नसेल, दुसरं काही असेल. तीन नावांच्या मागे लागलात तर ते काय आहे हे कधीच कळणार नाही.

पत्र कसं असावं ते लिहून देते. आपल्या शब्दांत बदला.

*प्रति, माननीय मुख्याध्यापिका.*
*विषय: इयत्ता तिसरीतील मुलांच्या बोलण्याबाबत.*

*महोदया, माझा मुलगा आपल्या शाळेत तिसरीत आहे. सोमवारी संध्याकाळी घरी रागाच्या भरात त्याने आजीला एक शिवी दिली. ती सोबतच्या बंद पाकिटात लिहिली आहे. ती त्याने घरी प्रथमच उच्चारली. शाळेत ऐकली असं तो म्हणतो, पण नेमकी कुठे ते मला माहीत नाही. तो स्वतःही ती शाळेत बोलत असेल, हे मी नाकारत नाही. तो शाळेत रिक्षाने येतो, रिक्षात एकूण आठ मुलं असतात. कोणत्याही मुलावर कारवाई व्हावी अशी माझी मागणी नाही. हा शब्द कोणत्या जागी व कोणत्या वेळी ऐकू येतो, याकडे वर्गशिक्षिकांनी दोन आठवडे लक्ष द्यावं आणि त्यानंतर मला भेटीची वेळ द्यावी, ही विनंती. घरी आम्ही त्याच्याशी बोलत आहोत. तो शाळेत असं बोलल्यास मला कळवावं, पण वर्गासमोर त्याला बोलू नये. आपली विश्वासू.*

रिक्षाचा तपशील मी उदाहरणादाखल घातला आहे, खरा असेल तो लिहा. ‘तो स्वतःही बोलत असेल’ हे वाक्य मात्र वगळू नका. लिहिताना ते तुम्हाला टोचेल. पण शंभरातल्या नव्वद पत्रांत ‘माझा मुलगा तसा नाही’ असं असतं. हे वाक्य वाचल्यावर मुख्याध्यापिका खुर्चीत पुढे सरकून बसतील. तक्रार घेऊन आलेली पालक त्यांना रोज भेटते, बरोबरीने शोधायला तयार असलेली क्वचित.

आधी वर्गशिक्षिकेला पाच मिनिटं भेटा. त्यांना वगळून वर गेलात तर पहिल्याच दिवशी त्यांचं मन दुखावेल, आणि वहीत नोंद करणाऱ्या त्याच आहेत. मग मुख्याध्यापिकांच्या हातात पत्र द्या. परिपाठात किंवा वर्गासमोर या विषयावर भाषण होऊ नये, असंही तोंडी सांगा. एका सकाळच्या भाषणात ‘हा शब्द कुणी वापरू नये’ असं ऐकल्यावर ज्या मुलांनी तो ऐकलाच नव्हता ती सगळी मधल्या सुट्टीपर्यंत तो शोधून काढतात. दोन आठवड्यांनी उत्तर आलं नाही, तर त्याच पत्राच्या दोन प्रती करा, एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच असलेलं पत्र शाळा बाजूला सारत नाही. त्यानंतरही काही हललं नाही तर शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघ आहे. तिथवर जायची वेळ सहसा येत नाही.

आता घराचं. ‘आमच्या घरात अशी भाषा कुणी बोलत नाही’ असं तुम्ही लिहिलंत, आणि मी त्यावर विश्वास ठेवते. तरी या रविवारी एक करा. घरात मॅच लागली असेल, पाहुणे आले असतील, गाडी चालवताना कुणी आडवं आलं असेल, तेव्हा नुसतं ऐका. ‘च्यायला’, ‘आयला’, ‘मायला’ ही ‘आईला’चीच रूपं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या घासून ती इतकी गुळगुळीत झाली आहेत की आपल्याला त्यातली आई ऐकू येत नाही. तरुण मुलं सर्रास ‘भेंडी’ म्हणतात, ती भाजी नव्हे, बहिणीवरच्या हिंदी शिवीची सोज्वळ केलेली आवृत्ती आहे. मी घरोघरी शिव्या शोधायला सांगत नाहीये. पण बाबांनी दुचाकीवर ‘च्यायला’ म्हटलं तर ते चालतं आणि आपण आजीला म्हटलं तर थोबाडीत बसते, यातला फरक साडेआठ वर्षांच्या मुलाला दिसत नाही. त्याला फक्त एवढंच दिसतं की मोठ्यांना परवानगी आहे. तुमच्या यजमानांना मारून मुटकून गप्प करायचं नाही, त्यांना या कामात घ्यायचं आहे. मुलाशी बोलायला तेच बसले तर फार चांगलं. आईवरची शिवी वाईट असते हे बापाने सांगितलेलं मुलग्याला वेगळं ऐकू येतं.

बोलायचं कसं? राग शांत झालेला असताना, शक्यतो हाताला काम असताना. शेंगा सोलताना, सायकल पुसताना. समोरासमोर बसवलं की चौकशी होते. आधी विचारायचं, ‘त्या दिवशी तू आजीला जो शब्द बोललास, त्याचा अर्थ तुला काय वाटतो?’ उत्तर ऐकून घ्यायचं. आमच्याकडच्या मुलांनी दिलेली उत्तरं ‘खूप राग आला’, ‘वेडा’, ‘गप्प बस’ अशी असायची. मग त्याच्या वयाला झेपेल एवढा अर्थ सांगायचा: ‘तो शब्द समोरच्याच्या आईच्या शरीराबद्दल घाण बोलतो. आजीची आई, म्हणजे तुझी पणजी. ज्यांनी भांडणात काही केलं नाही, त्यांना तो लागतो.’ एवढं पुरे. घाबरवू नका, नरक-पाप काढू नका, जिभेला तिखट लावायची धमकी तर नकोच. धमकीमुळे शब्दाची किंमत वाढते.

आणि रागाला वाट द्या. ‘राग आला तर बोलू नकोस’ हे कुणालाच जमत नाही, तुम्हाला-मला जमत नाही. त्याला सांगा, ‘मला राग आलाय, मोबाइल दे’ असं जोरात ओरडायला हरकत नाही, उशी आपटायलाही नाही. मराठीत कुणाच्या आईला न लागणारे रागाचे शब्द खूप आहेत. टोणग्या, रेड्या, गधड्या, ठोंब्या. मित्रांच्या भांडणात यातला एखादा तोंडातून गेला तर कान टवकारू नका. माझ्या हाताखालच्या एक तरुण शिक्षिका असे शब्द मुलांकडूनच जमवायच्या आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहायच्या. त्या वर्गात ‘शेंबड्या भोपळ्या’ महिनाभर गाजला आणि दुसऱ्या शब्दाला जागाच उरली नाही.

यानंतरही तो एकदा-दोनदा बोलेल. तेव्हा मोबाइल दिवसभरासाठी जातो, हे आधी ठरवून ठेवा आणि भाषण न करता अमलात आणा. थोबाडीत नको. मागची दिली त्याबद्दल मी तुम्हाला बोलणार नाही, तो क्षण कसा असतो ते मला ठाऊक आहे. पण त्या थोबाडीतीबद्दल तुम्ही त्याच्याशी एकदा बोला. ‘मी मारलं ते चुकलं’ असं तुम्ही म्हणालात, तर आजीपुढे ‘मी बोललो ते चुकलं’ हे म्हणणं त्याला सोपं जाईल. आजीची माफी राहिली असेल तर ती त्याने एकट्याने जाऊन मागू द्या. सगळं घर गोळा करून नको. सासूबाईंना आधी सांगून ठेवा की त्याने माफी मागितली की पुन्हा तो विषय काढायचा नाही, पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही.

पत्र देण्याच्या आदल्या रात्री मुलाला सांगा की तुम्ही उद्या शाळेत जाणार आहात. त्याला न कळवता गेलात आणि त्याला वर्गात कुणाकडून कळलं तर तो पुढच्या वेळी काही सांगणार नाही, आणि पुढच्या वेळी कदाचित शिवीपेक्षा मोठं काही सांगायचं असेल. त्याला सांगा, ‘मी मोठ्या बाईंना तो शब्द सांगणार आहे. तुझ्या मित्रांची नावं सांगणार नाही.’ तो ते दोनदा विचारेल. दोन्ही वेळा तेच उत्तर द्या, आणि मग ते तीन नावं असलेलं पत्र त्याच्यासमोर फाडून टाका.